पंधरा आणि बारा

नव्या सरांना कॉलेजात तीन वर्षं झाली होती, तरी ते नवेच होते. नोकरी कायम झाल्याशिवाय माणूस जुना होत नाही, असा तिथला रिवाज. कायम करायची फाईल विभागप्रमुखांच्या टेबलावर होती आणि विभागप्रमुख तिच्यावर चहाचा कप ठेवत असत, एवढं नव्या सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

कॉलेज संध्याकाळचं. दिवसभर कुठेतरी राबून आलेली माणसं सहा वाजता बाकांवर येऊन बसत. त्यांत सगळ्यात मोठी एक बाई होती. वय असेल पस्तिशीच्या आत-बाहेर, पण वर्गातल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात तिची काकू करून टाकली. ती कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसायची. त्याच ऑफिसात आतल्या बाजूला कॉम्प्युटरची खोली होती आणि तिथली एक जागा मॅनेजरने तिच्यासाठी अडवून धरली होती. अट एकच. या सत्रात ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर सुटला पाहिजे. बाकीचे विषय काकूने कधीच पार केले होते, घोडं पेंड खात होतं ते इथेच.

हा विषय नवे सर शिकवत, आणि बरा शिकवत. मेमरीत जागा कमी आणि पानं जास्त, मग कुठलं पान ठेवायचं नि कुठलं काढायचं, हा धडा ते स्वयंपाकघरातून सुरू करत. ओट्यावर तीनच डबे मावतात, बाकीचे माळ्यावर. हवा तो डबा ओट्यावर नसला की स्टुलावर चढा, तो खाली आणा. हे चढणं म्हणजे पेज फॉल्ट. आणि ओटा भरलेला असेल तर खालचा एक डबा वर न्यायला लागणार. कोणता? फिफो पद्धत म्हणते, जो सगळ्यात आधी खाली आला तो आधी वर जाईल, मग तो तुम्ही आत्ताच उघडलेला का असेना. एलआरयू म्हणते, ज्याला सगळ्यात जास्त वेळ हात लागला नाही तो जाईल. डबे कोणत्या क्रमाने मागितले जाणार त्या आकड्यांची एक मालिका देतात, आणि विद्यार्थ्याने दोन्ही पद्धतींनी स्टुलावर किती वेळा चढावं लागलं ते मोजायचं. मालिका हातात असली तर काम सोपं आहे. शेजारच्या काकांनाही जमेल.

पेपर नव्या सरांनीच काढला. कागद वाचवायचा म्हणून त्या वर्षीपासून प्रश्न लॅबमधल्या कॉम्प्युटरवर दाखवायचे आणि उत्तरं मात्र कागदावर लिहून घ्यायची, असं ठरलं होतं. चौथा प्रश्न वीस गुणांचा. ‘चित्रात दिलेल्या मालिकेसाठी, तीन चौकटी धरून, फिफो आणि एलआरयू पद्धतीने पेज फॉल्ट काढा आणि कोणती पद्धत बरी ते सांगा.’ चौकटी म्हणजे ओट्यावरच्या जागा. मालिका बारा आकड्यांची होती: १ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५. ती सरांच्या नोट्समध्ये सुबक चौकोनांत मांडलेली होती. ती पुन्हा कोण मांडत बसणार, म्हणून त्यांनी तिचा स्क्रीनशॉट काढला आणि प्रश्नाखाली चिकटवला. मुद्दाम निवडलेली मालिका होती. हिच्यात साधी भोळी फिफो नऊ फॉल्टमध्ये सुटते आणि हुशार म्हणवणारी एलआरयू दहा खाते. पोरं नेहमी एलआरयूच बरी म्हणून ठोकून देतात, त्यांना जरा ठेच लागावी, असा सरांचा बेत होता.

परीक्षेच्या दिवशी पेपर काढणाऱ्याने कॉलेजात फिरकायचं नाही, असा नियम. सर घरी होते. पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला नि परीक्षा विभागातून फोन आला.

“सर, चौथ्या प्रश्नात चित्र आहे का हो? लॅबमधून विचारतायत.”

सरांनी आपला लॅपटॉप उघडला, पेपर काढला. चित्र होतं. ठसठशीत होतं.

“आहे की. माझ्या समोर आहे. नीट बघायला सांगा पोरांना.”

फोन ठेवला. पर्यवेक्षणाला हिशेबाच्या विभागातल्या बाई होत्या. त्यांना ना चित्राचं सोयर ना मालिकेचं सुतक. त्यांनी वर्गाला सांगितलं, “चित्र आहे. सरांनी स्वतः बघितलंय. आता कोणी हात वर करायचा नाही.”

आठवड्याने गठ्ठा तपासायला आला. नव्या सरांनी चौथा प्रश्न आधी घेतला, कारण त्याची त्यांना उत्सुकता होती. पहिल्या उत्तरपत्रिकेत होतं: फिफो पंधरा, एलआरयू बारा. चूक. दुसरीत: पंधरा आणि बारा. तिसरीत, चौथीतही तेच. बारा आकड्यांच्या मालिकेत पंधरा फॉल्ट कसे होतील? तेरावाच होत नाही. सर चिडले. एकाने चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून छापलं, असं धरून ते लाल पेनाने शून्य देत सुटले. काहींनी तर पूर्ण तक्ता मांडला होता, वरच्या ओळीत सात, शून्य, एक, दोन, शून्य, तीन असे वीस आकडे.

ते आकडे सरांनी ओळखले. ही पुस्तकातली मालिका. प्रत्येक पुस्तकात असते, प्रत्येक क्लासमध्ये फळ्यावर येते आणि पाढ्यासारखी पाठ होते. तिचं उत्तर पंधरा आणि बारा हे बरोबरच आहे. पण ती विचारली कोणी होती?

गठ्ठ्यात एकच उत्तर वेगळं होतं. अक्षर गोल, शाईपेनाचं.

‘चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते. पर्यवेक्षक बाईंना दोनदा सांगितले. मालिका दिसत नसल्यामुळे फॉल्ट किती ते सांगता येत नाही. कोणती पद्धत बरी हेही सांगता येत नाही. कारण, समजा मालिका १ २ ३ १ ४ १ अशी असेल, तर फिफोचे पाच आणि एलआरयूचे चार. पण शेवटच्या १ च्या जागी २ असेल, तर फिफोचे चार आणि एलआरयूचे पाच. एक आकडा दिसला नाही तरी उत्तर उलटते. इथे एकही दिसत नाही. तरी कृपया मालिका द्यावी.’

खाली दोन्हींचे तक्ते होते. सरांनी त्यावरही शून्य दिलं आणि वर रागाने लिहिलं, ‘प्रश्न नीट पाहावा.’ हे त्यांनी लिहिलं, यात काही लपवण्यासारखं नाही. चित्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं की माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. हे गृहस्थ पूर्वी यंत्रांचा विषय शिकवत, आता फक्त सह्या करत. त्यांच्यासमोर एक अर्ज होता.

“तुमच्या त्या काकूबाईंचा अर्ज आलाय,” ते म्हणाले. “चित्र नव्हतं म्हणतात. बाकी कोणाची तक्रार नाही. बाकीच्यांनी काय लिहिलंय?”

“जवळजवळ सगळ्यांनी पंधरा आणि बारा.”

“मग झालं! सगळ्यांना दिसलं म्हणूनच सगळ्यांचं उत्तर एक आलं ना? हिलाच नेमकं दिसलं नाही? खोटी तक्रार करून पेपर परत घ्यायला लावायचा डाव आहे हा. परवा बोलावतो तिला. परीक्षा अधिकारीही असतील. खोटं ठरलं तर सत्रच रद्द होईल तिचं.” त्यांनी कप उचलला, घोट घेतला, परत ठेवला. “पंधरा-बारा हेच उत्तर आहे ना तुमचं?”

नव्या सरांच्या तोंडून “बघून सांगतो” एवढंच निघालं.

“बघा. आणि नीट बघा. तुमची फाईलही याच आठवड्यात पुढे पाठवायची आहे.”

सर घरी आले ते बायकोच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले. तिने विचारलं, “तुझ्या लॅपटॉपला काय झालं?” त्यांनी पेपर उघडला, चौथ्या प्रश्नापर्यंत आले. प्रश्नाखाली एक रिकामी चौकट होती आणि तिच्या कोपऱ्यात फाटक्या चित्राची एवढीशी खूण.

स्क्रीनशॉट पेपरमध्ये आलाच नव्हता. पेपरमध्ये आला होता फक्त त्याचा पत्ता, आणि तो पत्ता सरांच्या लॅपटॉपवरच्या एका फोल्डरचा होता. त्यामुळे चित्र जगात एकाच जागी दिसत होतं, आणि फोन आला तेव्हा सर नेमके त्याच जागी बसलेले होते.

“काय झालं?” बायकोने पुन्हा विचारलं.

“काही नाही. एक चित्र राहिलं.”

“मग टाक की आता.”

ती सहज बोलून गेली आणि आत गेली. सर मात्र त्या वाक्यापाशी अडकले. आता टाकता येत होतं. पुस्तकातली मालिका घ्यायची, तिचा स्क्रीनशॉट काढायचा, रिकाम्या चौकटीत बसवायचा, या खेपेस नीट. पंधरा आणि बारा हे उत्तर बरोबर ठरेल. वर्ग खूश, विभागप्रमुख खूश, फाईल पुढे. राहता राहिली एक बाई, जिला दिसलं नव्हतं. सगळ्यांना दिसलं आणि तिला दिसलं नाही, हे तर आधीच सर्वांनी ठरवून टाकलेलं होतं.

सरांनी ती नवी फाईल केली. केली म्हणजे खरोखरच केली, पेन ड्राइव्हवर घेतलीसुद्धा. मग त्यांनी काकूची उत्तरपत्रिका पुढे ओढली आणि तिचे दोन्ही तक्ते एकेक चौकट करून तपासले. कुठेतरी चूक सापडावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. एक फॉल्ट जरी जास्तीचा मोजला असता तरी त्यांना बरं वाटलं असतं. पहिल्या मालिकेत चार आला की फिफो एकला काढते आणि लगेच एकच मागितला जातो. म्हणून पाच. एलआरयूने एक नुकताच वापरलाय म्हणून दोनला काढलं आणि ती चारांतच सुटली. दुसऱ्या मालिकेत तोच काढलेला दोन परत मागितला आणि एलआरयू फसली. चूक नव्हती. मालिका न देता विचारलेल्या प्रश्नाचं याहून बरं उत्तर त्यांना स्वतःला सुचलं नसतं, आणि याची त्यांना लाज वाटली.

ठरलेल्या दिवशी सगळे विभागप्रमुखांच्या खोलीत जमले. परीक्षा अधिकारी नियमांचं पुस्तक घेऊन आले होते. काकू कुरिअरच्या गणवेशातच आली होती, जेवणाची सुट्टी काढून. तिला खुर्ची कोणी दिली नाही, तिने मागितली नाही.

“तुम्ही म्हणता चित्र नव्हतं,” विभागप्रमुख म्हणाले. “सरांनी स्वतः बघून सांगितलं होतं की आहे. मग खोटं कोण बोलतंय?”

“खोटं कोणी बोलतंय असं नाही म्हणत मी, सर. मला दिसत नव्हतं एवढंच.”

“आणि बाकीच्यांना दिसलं?”

“ते मी कसं सांगू? मी दुसऱ्याच्या स्क्रीनवर बघत नव्हते. परीक्षा होती.” मग ती नव्या सरांकडे वळली. आवाजात ना राग होता ना विनवणी, काउंटरवर पार्सलचं वजन विचारावं तसं तिने विचारलं, “सर, तुम्ही बघितलं होतं ना? कुठल्या मशीनवर?”

नव्या सरांच्या खिशात पेन ड्राइव्ह होता. हात तिकडे गेला होता.

“माझ्या लॅपटॉपवर,” ते म्हणाले. आणि हात खिशातून काढत, “फक्त माझ्या लॅपटॉपवर.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. विभागप्रमुखांच्याच कॉम्प्युटरवर पेपर उघडून रिकामी चौकट दाखवली. पोरांनी लिहिलेलं उत्तर पाठ केलेल्या मालिकेचं आहे, विचारलेलीचं नाही, विचारलेलीचं उत्तर नऊ आणि दहा, हेही सांगितलं. विभागप्रमुखांनी कप फाईलवरून उचलला आणि बाजूला ठेवला.

“म्हणजे या बाई खरं बोलत होत्या,” परीक्षा अधिकारी म्हणाले आणि पुस्तकाची पानं उलटू लागले. त्यांना खरं-खोट्यापेक्षा कलम हवं होतं. ते सापडलं. “प्रश्न सदोष असेल तर रद्द. उरलेल्या ऐंशी गुणांचे शंभर करायचे. सगळ्यांना सारखा नियम.”

सर म्हणाले, “रद्द कशाला? सगळ्यांना पूर्ण गुण द्या. चूक आपली आहे.”

“पूर्ण गुण दिले की वरून चौकशी येते. रद्द केला की तांत्रिक अडचण.”

“मग निदान यांचं उत्तर वेगळं धरा. यांनी जे लिहिलंय ते—”

“सर, रद्द झालेल्या प्रश्नाला उत्तर नसतं. कोणाचंच नसतं.”

सरांनी खिशातल्या कागदावर आधीच हिशेब केलेला होता. काकूने त्या रिकाम्या चौकटीपुढे बराच वेळ घालवला होता. आधी बाईंना सांगण्यात, मग ते दोन तक्ते मांडण्यात. शेवटचा प्रश्न तिचा अर्धाच राहिला होता. चौथा प्रश्न सोडला तर तिचे गुण ऐंशीपैकी एकोणतीस. त्यांचे शंभर केले तर छत्तीस. पास व्हायला चाळीस लागत.

“हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं, साहेब,” सर म्हणाले. “ज्यांनी न बघता ठोकून दिलं ते सुटले.”

“चोर कोणीच नाही,” विभागप्रमुख म्हणाले. त्यांचा आवाज आता बराच मऊ झाला होता. “तुमचंही नाव कुठे येणार नाही, सर. फक्त फाईल या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षी बघू.” काकूकडे बघून ते म्हणाले, “तुमच्यावर काही कारवाई नाही हं. निश्चिंत राहा.”

काकूने मान हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं. तिची सुट्टी संपत आली होती.

निकाल लागला. वर्गातली बहुतेक पोरं पास झाली. नव्या सरांना दोन-चार दिवस चैन पडेना. शेवटी एका दुपारी ते कुरिअरच्या ऑफिसात गेले. काउंटरवर काकूच होती. पुढे तीन-चार गिऱ्हाइकं पार्सलं घेऊन उभी. सर रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा हातात काहीच नव्हतं.

“सर, काय पाठवायचंय?”

“काही नाही. तुम्हाला भेटायला आलो. त्या आतल्या जागेचं काय झालं?”

“भरली.” तिने आतल्या काचेच्या खोलीकडे बघितलं. तिथे एक मुलगा बसला होता. सरांनी त्याला ओळखलं. वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा, पंधरा आणि बारावाला. “सोमवारी लागला तो. चांगला आहे पोरगा, मला काकू म्हणतो.”

“मी पुन्हा अर्ज करतो. वरपर्यंत जातो.”

“जागा भरली ना सर. आता कशाला?” ती म्हणाली. मग पावत्यांचा गठ्ठा सरळ करत, “माझी सासू विचारते, खरं सांगितलंस तर नापास कशी झालीस? तिला काय सांगू ते मला सुचत नाही.”

सर निघायला वळले, तर तिने हाक मारली.

“सर, ती मालिका काय होती हो?”

“कुठली?”

“चित्रातली. मला कोणी सांगितलीच नाही.”

सरांनी काउंटरला हात टेकून सांगितली. “एक, दोन, तीन, चार, एक, दोन, पाच, एक, दोन, तीन, चार, पाच.”

तिने एक रद्द झालेली पावती उलटी केली आणि उभ्या उभ्याच तीन ओळी आखल्या. मागच्या गिऱ्हाइकाने पार्सल एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. फिफोचा तक्ता झाला. खाली एलआरयूचा झाला. एका जागी ती थबकली, पाच आला तेव्हा चारला काढायचं की एकला, हे तिने बोटाने मागे जाऊन पाहिलं, आणि चारवर काट मारली. मग दोन्ही ओळींतले फॉल्ट मोजले.

“नऊ,” ती म्हणाली. “आणि दहा. इथे तर फिफोच बरी. बरोबर?”

“बरोबर,” सर म्हणाले.

“वीसपैकी वीस?”

“वीसपैकी वीस.”

तिने पावतीकडे आणखी एकदा पाहिलं, ती चुरगळून टोपलीत टाकली, आणि सरांच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, “हं, पुढचे कोण?”